रक्त आलं कुठून? : सूक्ष्मदर्शकाखालची लघवी

लघवीच्या तपासणीचा कागद हातात आला की बहुतेकांची नजर रंग, आम्लता, साखर या ओळी ओलांडून खाली जाते. तिथे लिहिलेलं असतं : पस सेल्स ६ ते ८, आरबीसी १५ ते २०, क्रिस्टल्स कॅल्शियम ऑक्झलेट, कास्ट्स निल. शेजारच्या रकान्यात ‘नॉर्मल’ आकडे असतात. आपला आकडा त्याहून मोठा दिसला की काळजी सुरू होते आणि छोटा दिसला की कागद घडी करून ठेवला जातो.

पण स्लाइड वाचणाऱ्या जाणकाराच्या मनात पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसतो, ‘कुठून?’ हा असतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळलेलं पाणी त्यांच्या पुढच्या बारीक नलिकांमधून वाहतं, मूत्रवाहिनीतून मूत्राशयात साठतं आणि मूत्रमार्गाने बाहेर पडतं. या वाटेवर कुठेही रक्त मिसळलं तरी ते शेवटी एकाच बाटलीत येतं. गाळणीला सूज आली तरी आरबीसी वाढतात, मूत्रवाहिनीत खडा अडकला तरी वाढतात, मूत्राशयात गाठ असली तरी वाढतात आणि नमुना पाळीच्या दिवसांत दिला तरी वाढतात. या चारही कारणांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. आकडा चौघांना एकाच ओळीत बसवतो. त्यांना वेगळं करण्याचं काम स्लाइडवरच्या आकारांचं.

थेंब स्लाइडवर येईपर्यंत

नमुना प्रयोगशाळेत आला की त्यातली साधारण १० ते १२ मिलिलिटर लघवी नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवतात. जड कण तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून टाकायचं, तळाशी अर्धा मिलिलिटर ठेवायचं, तो गाळ हलक्या हाताने हलवून त्याचा एक थेंब स्लाइडवर घ्यायचा आणि वर पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, ठेवायची.

आता दोन पायऱ्यांत पाहायचं असतं. आधी १० च्या भिंगाने सगळी काच, विशेषतः तिच्या कडा, फिरून पाहायच्या, कारण कास्ट कडांकडे सरकतात. मग ४० च्या भिंगाने पेशी ओळखायच्या आणि मोजायच्या. अहवालातलं ‘एचपीएफ’ म्हणजे या मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणारं वर्तुळ. अशी दहा-एक वर्तुळं पाहून सरासरी लिहितात. म्हणून ‘२ ते ४’ असा पल्ला असतो, नेमका आकडा नसतो.

प्रकाश मुद्दाम कमी ठेवावा लागतो. पारदर्शक कास्ट लघवीइतकेच स्वच्छ असतात, भगभगीत उजेडात ते दिसतच नाहीत. दिवसाला शंभर नमुने हातावेगळे करणाऱ्या ठिकाणी उजेड तसाच राहतो, नजर थेट ४० च्या भिंगाला लागते आणि अहवालात ‘कास्ट्स निल’ छापलं जातं. त्या दोन शब्दांचा खरा अर्थ ‘नाहीत’ असाही असू शकतो आणि ‘पाहिले नाहीत’ असाही.

वेळेचं गणितही कडक आहे. लघवी दोन तासांच्या आत पाहायला हवी. उशीर झाला तर जंतू वाढतात, ते लघवी अल्कधर्मी करतात आणि तशा लघवीत कास्ट विरघळतात, लाल पेशी फुटतात. फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशी थोड्या टिकतात, पण थंडीने क्षार साकळून स्फटिक तयार होतात. ते शरीरात नव्हतेच, बाटलीत जन्मले.

लाल पेशींचे दोन चेहरे

लाल पेशी सुमारे सात मायक्रॉन व्यासाची. सूक्ष्मदर्शकाखाली ती फिकट, गोल, केंद्रक नसलेली चकती दिसते. एका वर्तुळात दोनपर्यंत पेशी चालतात. तीन किंवा जास्त दिसू लागल्या तर लघवीतून रक्त जात आहे असं मानून कारण शोधायचं असतं, मग लघवी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसो.

खडा, गाठ किंवा मूत्राशयाची सूज यांतून आलेल्या पेशी बहुधा एकसारख्या गोल असतात. रक्तवाहिनी फुटली आणि त्या सरळ लघवीत पडल्या, वाटेत त्यांना काही सोसावं लागलं नाही. गाळणीतून आलेल्या पेशींची गोष्ट वेगळी. गाळणीचा पडदा फाटतो तेव्हा त्या अरुंद फटीतून पिळून निघतात, पुढे लांब नलिकेत क्षारांचं प्रमाण सारखं बदलत असतं, त्यात त्या फुगतात आणि आकसतात. बाहेर येईपर्यंत त्यांचे आकार बिघडलेले असतात. काही लहान, काही तुटक्या, काही मधून पोकळ कड्यासारख्या आणि त्या कड्याला बाहेरून एक-दोन फुगवटे आलेल्या. फुगवट्यांची ही कडी म्हणजे गाळणीच्या आजाराची सर्वांत भरवशाची पेशी. मेलबर्नच्या बर्च आणि फेअर्ली यांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाने आकार पाहून रक्त गाळणीतलं की बाहेरचं, हे सांगता येतं.

पण एक सापळा आहे. लघवी फार घट्ट असली की चांगल्या पेशीही आकसून काटेरी दिसतात, फार पातळ असली की त्या फुगून फिकट होतात. काटे सर्वभर सारखे असतील तर तो घट्ट लघवीचा परिणाम, फुगवटे मोजके आणि वेडेवाकडे असतील तर गाळणीचा. दुसरी गफलत यीस्टची. बुरशीच्या या पेशीही गोल असतात, पण आकाराने लहानमोठ्या, आणि काहींना कोंब फुटलेला दिसतो. शंका असेल तर स्लाइडवर पातळ अॅसेटिक अॅसिडचा थेंब टाकतात. लाल पेशी फुटून जातात, यीस्ट जशीच्या तशी राहते.

कधी पट्टीवरच्या तपासणीत रक्त ‘पॉझिटिव्ह’ येतं आणि स्लाइडवर एकही लाल पेशी नसते. पट्टी पेशी ओळखत नाही, रक्तातलं रंगद्रव्य ओळखते. स्नायू चिरडले गेले, अतिश्रमाने झिजले की स्नायूंतलं तसंच रंगद्रव्य लघवीत उतरतं आणि पट्टी फसते. अशा वेळी स्लाइड रिकामी असणं हेच निदान असतं. अर्थात नमुना ताजा हवा, नाहीतर पेशी होत्या आणि फुटून गेल्या असंही असू शकतं.

कास्ट : नलिकेचा साचा

मूत्रपिंडाच्या नलिकांच्या भिंती एक प्रथिन स्रवतात. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये ते वेगळं काढलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पुढच्या नलिकांत लघवी संथ, घट्ट आणि आम्ल झाली की हे प्रथिन गोठतं आणि साच्यातल्या कुल्फीसारखा नलिकेचाच आकार घेतं. मागून येणाऱ्या लघवीच्या दाबाने ती कांडी सुटून बाहेर येते. हाच कास्ट. दोन्ही कडा समांतर, टोकं बहुधा गोलसर.

गोठताना नलिकेत जे काही असेल ते त्यात अडकतं, आणि या तपासणीतली सगळी ताकद या एका गोष्टीत आहे. मूत्राशयात किंवा मूत्रवाहिनीत कास्ट तयार होऊच शकत नाही. म्हणजे कास्टमध्ये अडकलेली पेशी मूत्रपिंडातूनच आलेली असणार. सुटी लाल पेशी कुठलीही असू शकते, कास्टमधली लाल पेशी आपला पत्ता सोबत घेऊन येते.

नुसता पारदर्शक कास्ट निरुपद्रवी असतो. ताप, भरपूर व्यायाम, पाणी कमी पिणं, लघवी वाढवणारी गोळी, यानंतर निरोगी माणसातही तो दिसतो. लाल पेशींनी भरलेला, तांबूस-केशरी कास्ट गाळणीची सूज सांगतो. पांढऱ्या पेशींचा कास्ट सांगतो की दाह मूत्रपिंडापर्यंत पोचला आहे, मग तो जंतूंमुळे असेल किंवा एखाद्या औषधाच्या प्रतिक्रियेने. चिखलासारखे तपकिरी, दाणेदार कास्ट ढिगाने दिसले तर नलिकांच्या पेशी मरून झडत आहेत. रक्तदाब फार वेळ खाली राहिल्यावर, जंतुदोष रक्तात पसरल्यावर असं होतं. मेणासारखे, कडांना चिरा गेलेले रुंद कास्ट जुना आजार दाखवतात. नलिका रुंदावल्या आहेत आणि लघवी त्यांत रेंगाळते आहे.

खोटे कास्टही असतात. चिकट द्रवाचे धागे लांब, पण त्यांच्या कडा समांतर नसतात आणि टोकं निमुळती होत जातात. कापसाचा तंतू फार चमकतो आणि कडक दिसतो. क्षारांचे कण रांगेत जमले की दाणेदार कास्टचा भास होतो. म्हणून कास्ट लिहिण्याआधी कडा आणि टोकं पाहायची असतात.

एक रुग्ण, दोन अहवाल

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका कल्पित पण नेहमीच्या रुग्णावरून पाहू. आठ वर्षांचा मुलगा. पावसाळ्यात पायांवर खाजरे फोड आले, चिघळले, खपल्या धरून बरे झाले. तीन आठवड्यांनी एका सकाळी आईला त्याचे डोळे सुजलेले दिसतात. लघवी कमी होते आणि रंग काळ्या चहासारखा. दुखत नाही, जळजळ नाही.

नमुना सकाळी घेतला जातो, लॅबमध्ये दुपारी तपासला जातो. अहवाल येतो : प्रोटीन दोन प्लस, आरबीसी प्लेंटी, पस सेल्स ८ ते १०, कास्ट्स निल. पस सेल्सचा आकडा पाहून ‘युरिन इन्फेक्शन’ असं ठरतं आणि प्रतिजैविक सुरू होतं. दोन दिवसांत सूज वाढते, मूल डोकं दुखतं म्हणतं. रक्तदाब मोजला तर १४०/९०. आठ वर्षांच्या मुलाला तो फार जास्त आहे.

आता दुसरा नमुना घेतात आणि अर्ध्या तासात, कमी उजेडात, १० च्या भिंगापासून सुरुवात करून पाहतात. कव्हरस्लिपच्या कडेला दोन तांबूस कांड्या दिसतात. ४० च्या भिंगाखाली त्यांत लाल पेशी ठासून भरलेल्या. सुट्या लाल पेशींमध्ये फुगवट्यांच्या कड्या पुष्कळ. पस सेल्स आहेत, पण जंतू नाहीत, आणि कल्चरमध्ये काहीच वाढत नाही.

चित्र जुळतं. फोडांमधल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराने जी प्रतिक्रिया दिली, तिने गाळण्यांना सूज आणली आहे. घशाच्या जंतुदोषानंतर हे एक-दोन आठवड्यांत होतं, त्वचेच्या फोडांनंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत. पस सेल्सही त्या सुजेतूनच आल्या. रक्तात सी-३ नावाचा घटक कमी आढळतो आणि निदान पक्कं होतं. उपचार म्हणजे मीठ आणि पाणी मोजून देणं, लघवी वाढवणारं औषध आणि रक्तदाबावर नियंत्रण. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात. सी-३ सहा ते आठ आठवड्यांत मूळ पातळीवर येतो. तो आला नाही, तर दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या लाल पेशी मात्र कित्येक महिने दिसत राहू शकतात, त्यांना घाबरायचं नसतं.

पहिला अहवाल खोटा नव्हता. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता. फक्त ‘कुठून’ या प्रश्नाचं उत्तर देणारी गोष्ट उशिरात विरघळली होती, किंवा पाहिलीच गेली नव्हती.

याच्या शेजारी चाळिशीचा एक गृहस्थ ठेवून पाहा. कमरेच्या एका बाजूने जांघेकडे उतरणारी, लोळवणारी कळ. त्याच्याही अहवालात आरबीसी प्लेंटी. पण पेशी गोल आणि एकसारख्या, प्रोटीन नाही, कास्ट नाही, ताज्या नमुन्यातही नाही. इथे सोनोग्राफीकडे जायचं. आणि अशाच गोल पेशी कळ नसताना, पन्नाशीच्या धूम्रपान करणाऱ्या माणसात दिसल्या, तर दुर्बिणीने मूत्राशय पाहणं टाळायचं नाही. वेदना नसणं ही तिथे दिलासा देणारी गोष्ट नाही.

पस सेल्स म्हणजे जंतू नव्हेत

पस सेल म्हणजे पांढरी पेशी, बहुतेक वेळा न्यूट्रोफिल. ती लाल पेशीहून मोठी, दहा-बारा मायक्रॉनची, आत दाणे आणि खंड पडलेलं केंद्रक. एका वर्तुळात पाचापर्यंत पेशी चालतात. ती दाहाची साक्षीदार आहे, पण दाह कशाने झाला हे ती सांगत नाही.

आकडा वाढलेला दिसला की अहवालातली आणखी एक ओळ पाहावी : एपिथेलियल सेल्स. त्वचेच्या आणि योनीमार्गाच्या या पेशी मोठ्या, चपट्या, मध्ये लहान केंद्रक असलेल्या दिसतात. त्या भरपूर असतील तर नमुना नीट घेतला गेला नाही आणि पस सेल्सही बाहेरूनच मिसळल्या असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी औषध बदलण्यापेक्षा नमुना बदलावा.

उलट पस सेल्स भरपूर, नमुना स्वच्छ आणि कल्चर वारंवार निगेटिव्ह, असं असेल तर तेही सोडून द्यायचं नाही. आधीच चार गोळ्या घेतलेल्या असू शकतात, खडा असू शकतो, आणि आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयरोग लक्षात ठेवावाच लागतो. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत, त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. अशा रुग्णाला प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स देत राहिलं तर आजाराला महिने मिळतात.

स्फटिकांचा देखणेपणा आणि त्यांचा अर्थ

सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत सुंदर स्फटिकच दिसतात आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी अर्थ त्यांचाच असतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा स्फटिक चौकोनी, वर फुली मारलेल्या लिफाफ्यासारखा. पालक खाल्ला, पाणी कमी प्यालं तरी तो दिसतो. युरिक अॅसिडचे पिवळसर, शंकरपाळ्याच्या आकाराचे स्फटिक आम्ल लघवीत येतात. कागदावर ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ दिसलं म्हणजे मुतखडा झाला असं नाही, आणि खडा असलेल्या माणसाच्या लघवीत एकही स्फटिक नसणं हेही शक्य आहे.

तीन चित्रं मात्र थांबून पाहावीत. पहिलं, नितळ षटकोनी पत्रे. हे सिस्टिनचे स्फटिक, निरोगी लघवीत कधीच नसतात. जन्मजात दोषामुळे वारंवार खडे होणाऱ्यांत, अनेकदा लहान वयात, ते सापडतात. दुसरं, अल्कधर्मी लघवीत लांबट, उतरत्या छपरासारखे ट्रिपल फॉस्फेटचे स्फटिक, सोबत पस सेल्स आणि जंतू. युरिया तोडणारे प्रोटियससारखे जंतू इथे असू शकतात आणि त्यांच्यामुळे मूत्रपिंडात मोठे, फांद्या फुटलेले खडे वाढतात. तिसरं, एखादं औषध सुरू झाल्यावर क्रिएटिनिन वाढलं आणि ताज्या लघवीत सुयांच्या जुड्या दिसल्या. काही सल्फा औषधं आणि नसेतून दिलेलं अॅसायक्लोव्हिर अशा रीतीने नलिकांत साकळतात. तिन्ही वेळा स्फटिकाला अर्थ येतो तो सोबतच्या गोष्टींमुळे : वय, लघवीची आम्लता, जंतू, औषधाचं नाव.

आपल्या हातात काय आहे

सकाळची पहिली लघवी द्यावी, ती घट्ट आणि आम्ल असते, त्यात कास्ट टिकतात. जागा पाण्याने स्वच्छ करून सुरुवातीची धार सोडावी आणि मधली धार बाटलीत घ्यावी. बाटली लॅबनेच दिलेली असावी. घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवावी, जमत नसेल तर लॅबमध्येच नमुना द्यावा. पाळी चालू असेल तर तसं सांगावं आणि शक्य असल्यास तपासणी पुढे ढकलावी. प्रतिजैविक सुरू करायचंच असेल तर कल्चरचा नमुना त्याआधी द्यावा.

आणि अहवाल हातात आल्यावर एकट्या पस सेल्सच्या आकड्यावर औषध घेऊ नका. लघवीत लाल पेशी आणि प्रोटीन दोन्ही असतील, अंगावर सूज असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर ‘कास्ट्स निल’ या शब्दांवर थांबू नका. ताजा नमुना द्या आणि कास्टसाठी स्लाइड पुन्हा पाहायला सांगा. या फेरतपासणीला थोडेच पैसे आणि अर्धा तास लागतो. गाळणीचा आजार वेळेत ओळखला गेला तर मूत्रपिंड वाचवता येतं.